प्रश्न ३ : बाजारचौकातले भाषण

एलएल.एम., सत्र दुसरे. विषय : तुलनात्मक मानवी हक्क कायदा
निबंधप्रश्न. गुण ४०. वेळ दीड तास. मर्यादा १,५०० शब्द. अधिनियमांची मूळ संहिता जवळ ठेवता येईल, टिपणे नाहीत.

घटना आणि कायदा दोन्ही काल्पनिक आहेत.

एका राज्याने ‘सामाजिक सलोखा अधिनियम’ केला. त्याचे कलम ४ असे : “जो कोणी शब्दाने, चित्राने वा समाजमाध्यमावरील मजकुराने कोणत्याही समाजाच्या भावना दुखावेल, त्या समाजाचा अवमान करेल किंवा त्याच्याविषयी द्वेष पसरवेल, तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र होईल.” हेतूविषयी कलमात चकार शब्द नाही.

तालुक्याच्या एका गावात नगरपालिकेची निवडणूक तोंडावर असताना व्यापारी संघाचा अध्यक्ष, जो स्वतः उमेदवारही आहे, बाजारचौकात बोलला : “ह्यांच्या गाड्यावरून कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेऊ नका. मारायचं नाही, बोलायचं नाही, फक्त घ्यायचं नाही. आपोआप जातील.” ‘हे’ म्हणजे गावातला एक अल्पसंख्य धार्मिक समाज, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले. दगड एकही पडला नाही. पुढच्या आठवडी बाजारात त्या समाजाच्या अकरा गाड्यांपैकी चारच लागल्या, आणि दुपारी त्याही उठल्या.

त्याच आठवड्यात महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेने स्वतःच्याच धर्मातल्या मिरवणुकीच्या थाटामाटावर उपरोधिक कविता फेसबुकवर टाकली. गावात बरीच चिडचिड झाली. स्थानिक वृत्तवाहिनीच्या संपादकाने अध्यक्षांच्या भाषणाची चित्रफीत जशीच्या तशी दाखवली आणि त्यावर कडक टीका केली. तिघांवरही कलम ४ खाली गुन्हा नोंदला गेला. तिघेही उच्च न्यायालयात गेले आहेत.

प्रश्न : कलम ४ संविधानाच्या अनुच्छेद १९(२) च्या कसोटीवर टिकते का? पूर्ण रद्द करावे, काही शब्द वगळावेत, की अर्थ संकुचित करून वाचवावे? तिघांपैकी कोणाला शिक्षा होऊ शकते, हे इतर न्यायव्यवस्थांमधील युक्तिवादांशी झुंज घेत ठरवा.

उत्तर लिहिण्यापूर्वी वाचा. प्राध्यापिका आणि संपादक यांच्यावर फार शाई खर्च करू नका. ‘भावना दुखावणे’ या शब्दांसाठी श्रेया सिंघल (२०१५) आणि दक्षिण आफ्रिकेचा क्वेलाने (२०२१) हे निकाल पुरेत. पहिल्याची सुरुवात पालघरच्या दोन मुलींच्या अटकेतून झाली, दुसऱ्यात ‘दुखावणारे’ हा शब्दच संदिग्ध ठरला. संपादकासाठी जर्सिल्ड विरुद्ध डेन्मार्क (१९९४) पाहा. मात्र त्या पत्रकाराची स्थिती आणि या संपादकाची स्थिती कुठे जुळते, कुठे नाही, हे सांगा.

खरा पेच अध्यक्षाचा आहे. ब्रँडेनबर्ग (१९६९) लावला तर तो सुटतो, हे कोणीही दोन ओळींत लिहील. अवघड निकाल दुसरा आहे : मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांनी १९६६ पासून गोऱ्या दुकानदारांवर टाकलेला बहिष्कार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लेबॉर्न हार्डवेअर (१९८२) मध्ये, त्यातल्या अहिंसक भागापुरता, संरक्षित अभिव्यक्ती मानला. तोच युक्तिवाद अध्यक्षाला का मिळू नये? की कोण कोणावर बहिष्कार टाकतो याने कायद्याचे उत्तर बदलते? बदलत असेल, तर हा फरक कलमाच्या भाषेत कसा बसवाल? युरोपीय न्यायालयाने फेरे विरुद्ध बेल्जियम (२००९) मध्ये हिंसेची हाक नसलेल्या निवडणूक पत्रकांसाठी झालेली शिक्षा मान्य केली, पण बाल्डासी विरुद्ध फ्रान्स (२०२०) मध्ये इस्रायली मालावरील बहिष्काराच्या हाकेला संरक्षण दिले. माल आणि माणूस यांतला भेद कोथिंबिरीच्या जुडीला लागू होतो का, ते तपासा.

आता भारतीय अडचण. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद २०(२) भेदभावाच्या चिथावणीवरही बंदी घालायला सांगतो. कॅनडाच्या न्यायालयाने कीगस्ट्रा (१९९०) मध्ये समानतेचे मूल्य तराजूत टाकले, कारण तिथल्या सनदेचे कलम १ निर्बंधाची कारणे मोजून देत नाही. आपले १९(२) मात्र मोजून देते, आणि त्या यादीत ‘समानता’ नाही. दगड पडला नाही तेव्हा ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ कोणत्या अर्थाने धोक्यात आली? रबात कृती आराखड्याचे (२०१२) सहा घटक, म्हणजे संदर्भ, वक्त्याचे स्थान, हेतू, आशय व स्वरूप, पोहोच आणि हानीची निकट शक्यता, इथे उपयोगी पडतील. पण ते १९(२) मध्ये कोणत्या दाराने आणता, हे दाखवल्याशिवाय त्यांचे गुण मिळणार नाहीत.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा दरवर्षी कोणीतरी उत्तरात आणतेच. तो जातपंचायतींच्या बहिष्कारासाठी झाला. आणायचाच असेल तर इथे तो का पुरत नाही, एवढ्यापुरता आणा.

गुणविभागणी : अध्यक्षाविषयीचा युक्तिवाद २०, कलमाचे भवितव्य १२, उरलेले दोघे ८. आपल्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा मांडून त्याला उत्तर दिले नसेल, तर पहिल्या भागात १० पेक्षा जास्त गुण नाहीत. निकालांची नुसती जंत्री तपासली जाणार नाही.