कुंपणाच्या आतून लिहिलेली कादंबरी: विभावरी शिरूरकरांच्या ‘बळी’तील निवेदन आणि सरकारी भाषा

(एम. ए. भाग २, मराठी. लघुप्रबंधाचा संशोधन आराखडा, दुरुस्त प्रत)

विषयाची निवड

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) यांना ‘उपेक्षित’ म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: नाव तर सगळ्यांना माहीत आहे. खरं आहे. पण माहीत आहे ते ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहामुळे आणि टोपणनावामागे कोण, यावरून उठलेल्या गदारोळामुळे. पुढे त्यांनी ‘हिंदोळ्यावर’, ‘विरलेले स्वप्न’, ‘बळी’, ‘खरेमास्तर’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या ‘बळी’चा (१९५०) उल्लेख वाङ्मयेतिहासात आदराने होतो आणि तिथेच थांबतो. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतीवर देवघेवीचा शेवटचा शिक्का २०११ चा आहे. मला ती न मागता महिनाभर ठेवता आली. म्हणून ‘उपेक्षित लेखिका’ऐवजी ‘एका कथासंग्रहाच्या सावलीत राहिलेली कादंबरीकार’ एवढाच दावा मी करते.

विषय सुचला तो घरामुळेही. मी सोलापूरची. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की तो आजही बरोबर नेऊन सोडतो; का म्हणतात, हे बारावीपर्यंत मी कुणाला विचारलं नव्हतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या आणि पुढच्या काळात त्यांना हजेरी व पासाच्या शिस्तीत, तारेच्या कुंपणात वसवलं गेलं. मालतीबाईंनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या अशाच वसाहतीत अधिकारी म्हणून काम केलं होतं. ‘बळी’ त्या अनुभवातून आली.

संशोधनप्रश्न

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘“बळी” या कादंबरीतील गुन्हेगार जमातींच्या जीवनाचे चित्रण.’ मार्गदर्शक बाईंनी शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘हे वर्णन झालं. प्रश्न कुठाय?’ दुसऱ्या मसुद्यात स्त्रीवाद, जात, वसाहतवाद सगळंच कोंबलं. तो ऐंशी पानांत मावणारा नव्हता. आता प्रश्न असा:

*वसाहतीच्या कारभारात अधिकारी असलेल्या लेखिकेच्या या कादंबरीत ‘हजेरी’, ‘पास’, ‘गुन्हेगार’, ‘सुधारणा’ ही कारभाराची भाषा निवेदक कुठे आपली म्हणून वापरतो, कुठे ती फक्त पात्रांच्या तोंडी ठेवतो, आणि या फरकातून कादंबरीची त्या व्यवस्थेबद्दलची भूमिका कशी घडते?*

माझं गृहीतक असं की कादंबरी कुंपणाला विरोध करते, पण ‘सुधारणे’वरचा विश्वास पूर्ण सोडत नाही. हे चुकीचं ठरू शकतं. तसं झालं तर लघुप्रबंध तेच सांगेल.

पद्धत

मुख्य काम संहितेवर. वरचे शब्द आणि त्यांच्या जवळचे शब्द जिथे जिथे येतात, तिथलं वाक्य वहीत उतरवून तीन खुणा करणार: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि निवेदक त्या शब्दापासून अंतर राखतो का. मोजणीवरून निष्कर्ष काढायचा नाही. मोजणी फक्त कुठल्या प्रकरणांत थांबून वाचायचं ते दाखवेल.

जोडीला मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्यातील या कायद्याच्या अंमलबजावणीचे वार्षिक अहवाल पाहीन. कादंबरी ‘खरी’ आहे का ते तपासण्यासाठी नव्हे. अहवालाचं वाक्य आणि कादंबरीचं वाक्य शेजारी ठेवलं, की लेखिकेने काय उचललं आणि काय मोडलं ते दिसेल. तारखांचंही महत्त्व आहे: कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये रद्द झाला, कादंबरी त्या मधल्या फटीत आली.

शेवटच्या प्रकरणात लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ (१९८७) यांच्याशी मर्यादित तुलना. तिथे तेच शब्द ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्याच तोंडून येतात. पण आत्मकथनाच्या फूटपट्टीने कादंबरीला नापास करण्यात मला रस नाही.

काय करणार नाही

वसाहतीतील कुटुंबांच्या मुलाखती घेणार नाही. मागच्या चर्चासत्रात हे सुचवलं गेलं, पण साहित्याच्या लघुप्रबंधासाठी कुणाच्या दारात जाऊन ‘तुमचे आजोबा नोंदीत होते का?’ विचारणं मला पटत नाही. अहवालांत व्यक्तींची नावं आढळली तर ती उद्धृत करणार नाही. मालतीबाईंच्या इतर कादंबऱ्यांचा विचार संदर्भापुरताच.

वेळापत्रक

जुलै–ऑगस्टमध्ये शब्दनोंदी, दिवाळीच्या सुट्टीत पुराभिलेखागार (आठ दिवस, राहणं मावशीकडे डोंबिवलीला), डिसेंबरअखेर पहिली दोन प्रकरणं बाईंकडे, मार्चमध्ये पूर्ण प्रत. ग्रंथालयाची प्रत जीर्ण आहे, पानं सुटायला लागली आहेत. ती वर्षभर संदर्भ विभागात ठेवावी, अशी विनंती या आराखड्यासोबत जोडली आहे.