खोली उशिरा रिकामी करण्याच्या आपल्या विनंतीबाबत

तारकर्ली, ता. मालवण
१९ डिसेंबर २०२५

श्री. कुलकर्णी यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारी, २१ तारखेला, सकाळी १० ऐवजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत खोली क्रमांक ३ आपल्याकडे ठेवता येईल का, अशी विचारणा करणारा आपला ई-मेल काल रात्री मिळाला. आपली परतीची कोकणकन्या रात्रीची आहे, सोबत आपल्या मातोश्री आहेत आणि त्याच दिवशी सकाळी आपण स्कूबासाठी जाणार आहात, हे सर्व ध्यानात घेऊनही ती खोली त्या वेळेपर्यंत देणे आम्हांला शक्य होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. आदल्या दिवशी ‘बघू’ म्हणून रविवारी सकाळी नकार देणे आम्हांला बरे वाटत नाही.

आपल्या खोलीत त्याच दिवशी दुपारी १ वाजता दुसरे कुटुंब उतरणार असून त्यांचे आरक्षण ऑक्टोबरमध्येच झालेले आहे. नाताळच्या सुट्टीमुळे उरलेल्या तीनही खोल्या भरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना किंवा आपल्याला दुसरीकडे हलवण्याचीही सोय नाही. मधल्या तीन तासांत चादरी-अभ्रे बदलणे, लादी धुणे आणि न्हाणीघरातील वाळू काढणे ही कामे दोघीजणी करतात (समुद्राकाठच्या खोलीतली वाळू एका झाडण्यात कधीच निघत नाही). आपण अर्ध्या दिवसाचे भाडे देण्याची तयारी दाखवलीत, त्याबद्दल आभार. परंतु अडचण पैशांची नसल्यामुळे ते स्वीकारून काही साधणार नाही.

खोली सोडल्यानंतर रात्रीच्या गाडीपर्यंतचा दिवस मात्र आपल्याला उन्हात किंवा स्टेशनच्या बाकावर काढावा लागू नये, अशी व्यवस्था आम्ही केली आहे. स्कूबाला निघण्यापूर्वी, म्हणजे सकाळी साडेसातच्या आत, बॅगा भरून स्वागतकक्षात दिल्यात तर त्यांवर आपल्या नावाची चिठ्ठी लावून त्या शेजारच्या कुलूपबंद खोलीत ठेवल्या जातील व संध्याकाळपर्यंत तिथेच राहतील. यासाठी कोणतेही शुल्क नाही. रोकड, दागिने आणि कागदपत्रे कृपया स्वतःजवळच ठेवावीत. मातोश्रींची औषधे थंड ठेवायची असल्यास स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये वेगळ्या डब्यात ठेवता येतील, पण निघताना ती आठवणीने मागून घ्या; मागच्याच महिन्यात एका पाहुण्यांचे इन्सुलिन इथे राहिले आणि ते कुडाळला पोहोचवताना आमची धावपळ झाली.

पाण्यातून परतल्यावर आंघोळीचा प्रश्न येईल, तो आम्ही गृहीत धरला आहे. मागील दारी पाहुण्यांसाठी स्वतंत्र न्हाणीघर आहे, तिथे गरम पाणी व धुतलेले टॉवेल ठेवलेले असतील. ओले कपडे बारा वाजेपर्यंत अंगणातल्या दोरीवर पडले तर निघेपर्यंत वाळतात, त्यामुळे एक जोड कोरडे कपडे बॅगेत तळाला न घालता हाताशी ठेवावेत.

आपण पाण्यात असताना मातोश्रींना एकटे वाटू नये म्हणून त्यांची बसण्याची सोय पुढच्या पडवीत केली आहे. तिथे आरामखुर्ची व पंखा आहे आणि माझी आई तिथेच भाजी निवडत बसलेली असते, त्यामुळे गप्पांना सोबत मिळेल. दुपारी पाठ टेकायची असल्यास आमच्या घरातील माजघरातली खाट त्यांच्यासाठी मोकळी ठेवू. तिथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत व शौचालयही लागून आहे. एक वाजता आपल्या तिघांचे जेवण वाढले जाईल: मातोश्रींसाठी शाकाहारी, आपल्यासाठी त्या दिवशी मिळेल ती मासळी, आणि सोलकढी. जेवणाचे दर नेहमीचेच राहतील. चार वाजताचा चहा आमच्याकडून.

दुपारी फिरायचे असल्यास देवबागला जाऊन कर्ली नदी समुद्राला मिळते ते ठिकाण पाहता येईल, ते जवळ आहे. सिंधुदुर्ग किल्ला मात्र शनिवारीच पाहून घ्यावा असे सुचवतो, कारण सुट्टीच्या रविवारी मालवण जेट्टीवर होडीसाठी रांग किती लांबेल ते सांगता येत नाही आणि किल्ल्यातली चाल उन्हात मातोश्रींना झेपणार नाही.

कुडाळ स्टेशन इथून सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. साडेसहा वाजता निघणारी गाडी आपल्यासाठी सांगून ठेवू का, हे शनिवारी दुपारपर्यंत कळवावे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागून उशीर होतो. निघण्यापूर्वी गाडीची स्थिती आम्ही पाहू आणि ती उशिरा असेल तर स्टेशनवर ताटकळण्यापेक्षा आपण पडवीतच बसावे.

बिलाचा हिशेब शनिवारी रात्री जेवणानंतर करून ठेवू, म्हणजे रविवारी सकाळी फक्त किल्ली द्यावी लागेल.

आपला नम्र,
व्यवस्थापक

ता. क.: आपण घेतलेली आमसुले व कोकम सरबताच्या बाटल्या बॅगेत आडव्या ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या बांधून देण्यास स्वागतकक्षात सांगितले आहे.