विषय: पैठणीच्या बॅनरमधल्या सावल्या जुळत नाहीत, दुरुस्ती करून द्यावी

दादा, नमस्कार.

काल पाठवलेला १० बाय ६ फुटांचा बॅनर पाहिला. कटिंग स्वच्छ आहे, पदरावरचे मोरही नीट उठलेत. पण हे चित्र असं छापता येणार नाही. एकाच चौकात दोन सूर्य दिसतात.

वाड्याचा फोटो नोव्हेंबरात दुपारी तीनच्या सुमारास काढलेला आहे. ऊन डावीकडून येतं, तुळशी वृंदावनाची सावली उजवीकडे पडते. मॉडेलवर मात्र स्टुडिओतला मुख्य लाइट उजवीकडून होता. तिची सावली तुम्ही डावीकडे टाकली आणि शेजारच्या चौरंगाची उजवीकडे. गिऱ्हाइकाला कारण सांगता येणार नाही, पण बाई चिकटवलेली आहे हे लगेच कळेल. मग साडीच्या रंगावर तरी तो विश्वास कसा ठेवील?

मॉडेलला फ्लिप करू नका. पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि नेसणंच चुकेल. त्याऐवजी वाड्याचा फोटो फ्लिप करा. चौकात पाटी किंवा अक्षरं नाहीत, ढाळज दुसऱ्या बाजूला गेली तरी चालेल. मग ऊन उजवीकडून येईल, चेहऱ्यावरचा उजेड जुळेल आणि फक्त चौरंगाची सावली डावीकडे वळवावी लागेल.

लांबीही चुकली आहे. वृंदावन तीन फूट उंच, त्याची सावली साडेचार फूट, म्हणजे दीडपट. मॉडेल ५ फूट ४ इंच आहे, तेव्हा तिची सावली आठ फुटांच्या आसपास हवी. आत्ता ती जेमतेम अडीच फूट दिसते, म्हणजे ऐन दुपारची. आठ फुटांची सावली ओसरीच्या पायरीपर्यंत पोचेल. तिथे ती सपाट पुढे न नेता पायरीच्या उभ्या दगडावर चढवा, मग वरच्या फरशीवर न्या.

सगळ्यात जास्त खटकतात ते पाय. टाच आणि साडीचा काठ फरशीला टेकतात तिथली बारीक, गडद सावलीच नाही, त्यामुळे बाई चार बोटं वर तरंगते. ही वेगळ्या लेयरवर काढा. मोठ्या सावलीला सगळीकडे एकसारखा ब्लर दिलाय. पायाशी कडा धारदार ठेवून पुढे हळूहळू मऊ करा. रंगही निव्वळ काळा नको. उघड्या चौकात सावलीत आभाळाचा उजेड असतो, म्हणून वृंदावनाच्या सावलीतलाच निळसर करडा रंग उचला आणि लेयर मल्टिप्लायवर ठेवा. खालच्या फरशीचे सांधे दिसले पाहिजेत.

ठरल्याप्रमाणे दोन दुरुस्त्या मोफत आहेत, ही पहिली. फ्लेक्स शुक्रवारी सकाळी छपाईला जाणार आहे, म्हणून बुधवारी संध्याकाळपर्यंत आधी छोटी जेपीजी पाठवा. ती मंजूर झाली की सावल्यांचे लेयर वेगळे ठेवलेली पीएसडी द्या. उरलेले तीन हजार त्याच दिवशी जमा करतो.

मूळ फोटो पुन्हा हवे असतील तर आजच कळवा.

आपला,
पैठणी दुकानाचा मालक, पैठण