हिमोग्लोबिन तपासणी, सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत: राजारामपुरी, कोल्हापूर येथील प्रयोगशाळेची कार्यपद्धती

ड्रॅबकिन द्रावणातील पोटॅशियम फेरिसायनाइड हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करून मेथहिमोग्लोबिन बनवते. त्याला सायनाइड चिकटले की स्थिर रंगाचे सायनमेथहिमोग्लोबिन तयार होते. त्याचे रीडिंग ५४० नॅनोमीटरला घ्यायचे. सल्फहिमोग्लोबिन सोडून हिमोग्लोबिनचे बाकी सगळे प्रकार यात मोजले जातात.

द्रावण (१ लिटर)

पोटॅशियम फेरिसायनाइड २०० मिग्रॅ, पोटॅशियम सायनाइड ५० मिग्रॅ, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १४० मिग्रॅ, ट्रायटॉन एक्स-१०० १ मिली.

फेरिसायनाइड आणि फॉस्फेट आधी ८०० मिली डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवा, मग सायनाइड घाला. फॉस्फेट आम्लधर्मी असल्याने ते आणि सायनाइड थोड्या पाण्यात एकत्र कालवू नका, विषारी वायू सुटतो. ट्रायटॉन शेवटी घाला, नाहीतर फेस येतो आणि खुणेपर्यंत भरताच येत नाही. सायनाइड फ्यूम हूडमध्ये, ग्लोव्ह्ज घालून आणि दुसरी व्यक्ती हजर असतानाच तोला. पावसाळ्यात ते हवेतले पाणी पटकन ओढते, म्हणून बाटली क्षणभरच उघडी ठेवा.

तयार द्रावण फिकट पिवळे आणि स्वच्छ हवे. पीएच ७.० ते ७.४ आणि पाण्याच्या तुलनेत ५४० ला रीडिंग शून्य. तपकिरी काचेच्या बाटलीत, तारीख लिहून, खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको, गोठले की द्रावण बिघडते. गढूळ झालेले किंवा पिवळेपणा गेलेले द्रावण वापरू नका.

स्टँडर्ड वक्र

६० मिग्रॅ/डेसिली स्टँडर्ड पाच ट्यूबमध्ये १, २, ३, ४, ५ मिली घेऊन ड्रॅबकिनने प्रत्येकी ५ मिली करा. सहावी ट्यूब निव्वळ ड्रॅबकिन, म्हणजे ब्लँक. आपले डायल्यूशन १:२५१ असल्याने या ट्यूब अनुक्रमे ३.०, ६.०, ९.०, १२.० आणि १५.१ ग्रॅम/डेसिलीच्या रक्ताबरोबर येतात. १ सेंमी क्युवेटमध्ये रीडिंग साधारण ०.०८, ०.१६, ०.२५, ०.३३, ०.४१ यावे. रेषा सरळ आणि शून्यातून जाणारी हवी. वरच्या टोकाला वाकत असेल तर आधी फिल्टर काढून पाहा. जून ते सप्टेंबर दमटपणामुळे त्यावर बुरशी चढते. द्रावणाची नवी बॅच, बदललेला दिवा किंवा साफ केलेला फिल्टर, यांपैकी काहीही झाले की वक्र पुन्हा काढा.

सॅम्पल

ईडीटीए ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करा. टुर्निके मिनिटभरापेक्षा जास्त बांधून ठेवला तर रक्त दाटते आणि आकडा वाढतो. बोटाचे रक्त घेताना दाबून काढू नका, ऊतींतले पाणी मिसळते. गुठळी दिसली तर सॅम्पल परत मागवा.

गगनबावडा, शाहूवाडीच्या शिबिरातून आलेल्या ट्यूबमध्ये वाटेत पेशी तळाशी बसलेल्या असतात. तशाच ट्यूबमधून वरचे रक्त ओढले तर जवळजवळ प्लाझ्माच येतो. म्हणून मोजण्याआधी पुन्हा मिसळाच, घाई असली तरी.

मोजणी

५ मिली ड्रॅबकिनमध्ये २० मायक्रोलिटर रक्त. सारी तपासणी या २० मायक्रोलिटरवर उभी आहे. १ मायक्रोलिटर जास्त गेला की आकडा ५ टक्के वाढतो: १०.८ ची गरोदर बाई ११.३ दिसते, ११ च्या रेषेच्या वर जाते आणि उपचाराविना घरी जाते. म्हणून पिपेटचे टोक बाहेरून टिश्यूने पुसा, पण टिश्यू टोकाच्या भोकाला लागू देऊ नका, आतले रक्त शोषले जाते. बुडबुडा आला तर तेवढे टाकून पुन्हा ओढा. द्रावणात सोडल्यावर तेच द्रावण टोकात तीनदा ओढून सोडा. तोंडाने कधीही ओढू नका.

मिसळून ५ मिनिटे थांबा आणि ब्लँकवर शून्य करून रीडिंग घ्या.

हिमोग्लोबिन (ग्रॅम/डेसिली) = टेस्ट रीडिंग ÷ स्टँडर्ड रीडिंग × १५.०६

टेस्ट ०.२९ आणि स्टँडर्ड ०.४१ असेल तर १०.७.

आकडा पेशंटच्या चेहऱ्याशी जुळत नसेल तर ट्यूब उजेडात धरा. चरबीयुक्त सॅम्पल, वाढलेले ग्लोब्युलिन किंवा ३०,००० वर पांढऱ्या पेशी असल्या की गढूळपणाने खोटा जास्त आकडा येतो. पेशी किंवा ग्लोब्युलिनचा गढूळपणा असेल तर सेंट्रिफ्यूज करून वरचे स्वच्छ द्रावण वाचा. चरबी असेल तर त्याच पेशंटच्या २० मायक्रोलिटर प्लाझ्माचा ब्लँक लावा. खूप सिगारेट ओढणाऱ्याचे कार्बॉक्सीहिमोग्लोबिन सावकाश बदलते, तिथे अर्ध्या तासाने रीडिंग पुन्हा घ्या.

उरलेले द्रावण

आम्लाचा थेंबही यात पडता कामा नये. नेहमीच्या हायपोक्लोराइटच्या बादलीतही ओतू नका, सायनोजेन क्लोराइड सुटू शकतो. ‘सायनाइड’ लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १० च्या वर ठेवा. कॅन घातक कचऱ्याच्या अधिकृत गाडीकडेच द्या आणि नोंदवहीत सही घ्या.