अडसर

आमची फिल्म अठरा मिनिटांची आणि बजेट चौदा हजार, त्यातले पाच हजार लेपल माईक आणि ट्रायपॉडवर गेले, बाकी माझं डोंबिवलीहून आणि निखिलचं पुण्याहून येणं-जाणं आणि सगळ्यांचं चहापाणी. लोकेशन फुकट, मालवण तालुक्यात आचऱ्याच्या अलीकडे आमचं चिऱ्याचं कौलारू घर. हिरो आमचे आबा, वय एक्याऐंशी. आजीने कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला, पण फिल्मभर आतून जो भांड्यांचा आवाज येतो ना तो तिचाच.

निखिल माझा आतेभाऊ. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं भांडण तिथूनच आलं.

गोष्ट साधी होती. एकटा म्हातारा रोज खळं झाडतो, रहाटाने पाणी काढतो, माडांना शिंपतो, आणि मुंबईहून मुलगा त्याला न्यायला येतो. शूटिंग सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर, कारण मे महिन्यात भर दुपारी खळ्यात उभं राहिलं की माणूस कॅमेऱ्यात नुसता काळा दिसतो आणि वर घाम. माजघरात उजेड यायचा तो कौलातल्या एका काचेतून, त्या काचेखाली आबांना बसवून थर्माकोलच्या शीटने उजेड तोंडावर मारायचो, आणि खरं सांगते इतकं सुंदर काही मी आजवर शूट केलेलं नाही. साऊंडसाठी फ्रीज बंद करायचो, एकदा परत चालू करायचा राहिला आणि सगळे बांगडे गेले, आजी दोन दिवस बोलली नाही.

एंडिंग माझ्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं. आबा बाहेर येतात, दाराला कुलूप घालतात, निघतात. कुलपावर क्लोजअप, संपलं.

निखिल म्हणाला, नाही, ते जाणारच नाहीत.

"अरे पण खरं काय होतंय ते बघ ना, आपल्या वाडीत अकरा घरं, त्यातली सहा बंद, गणपतीला उघडतात ती पाच दिवस."

"म्हणून आपण पण बंद करायचं?"

"तुझं काय जातं बोलायला, तुझं आजोळ आहे हे, मे महिन्यात यायचं, आंबे खायचे, जायचं. कौलं शाकारायचे पैसे माझे बाबा भरतात."

हे मी बोलायला नको होतं. तो काहीच बोलला नाही, विहिरीकडे जाऊन बसला. त्याला माहीत नव्हतं, पण एप्रिलमध्ये बाबांना फोनवर बोलताना मी ऐकलं होतं, पावसाच्या आधी दोघांना डोंबिवलीला आणायचं. कुलपाचा शॉट मला सुचलेला नव्हता, मी ऐकलेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तरी मी कुलूप घेऊन आबांना दारात उभं केलं. त्यांनी कुलूप हातात फिरवलं, दाराकडे बघितलं.

"आर्ये, ह्या घालू खय? दाराक भायर कडी खय आसा?"

खरंच नव्हती. एवढी वर्षं येतेय आणि कधी लक्षात आलं नाही. आतून फक्त सागाचा अडसर, आणि मागच्या दाराला एक दोरी, जाताना ओढून घ्यायची.

"घरात कोणतरी आसताच," आबा म्हणाले, "मगे कडी कित्याक व्हयी?"

निखिल हसला नाही, जिंकल्यासारखंही काही केलं नाही, नुसता फोकस लावत राहिला. मग आम्ही तोच शॉट घेतला, आबा आतून अडसर घालतात, खोली काळोखते. नवव्या टेकला ओके. अंधारावर मी मागचं दार ओढल्याचा आवाज ठेवला, चार सेकंद. म्हणजे ते गेले. निखिल म्हणाला तो आवाज काढ, म्हणजे ते आहेत. रात्री दोन वाजेपर्यंत माळ्यावर लॅपटॉपपुढे त्या चार सेकंदांवर भांडलो, शेवटी आवाज ठेवूनच फाईल सेव्ह केली आणि झोपलो.

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. खाली पुढच्या दारात सुतार बसला होता, बाजूला नवीकोरी कडी आणि कोयंडा. बाबांनीच फोन करून बोलावला होता. आबा पायरीवर बसून त्याला खिळे देत होते, एकेक करून, आणि आजी आतून विचारत होती चाय किती कप करू.

निखिल माझ्या मागे जिन्यावर उभा होता. "मामाने सांगितलं होतं तुला?" एवढंच विचारलं त्याने. मी मान हलवली. मग वर जाऊन लॅपटॉप उघडला आणि ते चार सेकंद डिलीट केले.