सौर ग्राहक समूह : सदस्यांसाठी नियम

सातारा, कराड आणि कोरेगाव परिसरात आमच्याकडून छतावर सौर यंत्रणा बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी हा समूह आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून सदस्य झपाट्याने वाढले. त्याबरोबर संदेशही इतके वाढले की, ज्याचा इन्व्हर्टर सकाळपासून बंद आहे अशा ग्राहकाचा प्रश्न शुभेच्छा आणि जाहिरातींच्या गर्दीत दिसेनासा होतो. यासाठी येत्या १ तारखेपासून पुढील नियम लागू होतील.

समूहात निवृत्त शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, अभियंते आहेत आणि वीजबिलावरील आयात-निर्यात युनिटचे रकाने प्रथमच पाहणारेही आहेत. "वीज गेल्यावर आमचे सोलर का बंद पडते?" हा प्रश्न कितव्यांदाही आला, तरी त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे. बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज जाताच आपोआप थांबते, कारण ती चालू राहिली तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. एवढे सांगायला दोन ओळी पुरतात; "हे आधीच सांगितले आहे, वर वाचा" असे म्हणून कोणाला गप्प करू नये. एखाद्याच्या घरी निर्मिती कमी होत असेल, तर त्यामागे शेजारच्या इमारतीची सावली, छताची दिशा किंवा पॅनेलवरील धूळ असू शकते. त्यावरून त्याच्या निर्णयाची थट्टा करू नये.

आमच्या कामाविषयी तक्रार असल्यास ती येथे उघडपणे मांडावी. प्रतिकूल आहे एवढ्याच कारणासाठी कोणतीही तक्रार काढली जाणार नाही. मात्र छतावर चढून काम करणारे आमचे तंत्रज्ञ आणि महावितरणचे कर्मचारी यांच्याविषयी नाव घेऊन अपशब्द वापरणे, तसेच जात, धर्म किंवा राजकारण यांवर वाद घालणे आम्ही चालू देणार नाही.

प्रश्न विचारताना "सोलर चालत नाही" एवढेच लिहिले, तर उत्तर देणाऱ्याला चार उलट प्रश्न करावे लागतात आणि दिवस जातो. यंत्रणा किती किलोवॅटची आहे, अडचण केव्हापासून आहे, त्या वेळी घरात वीज होती का आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर कोणता संदेश दिसतो, हे पहिल्याच संदेशात लिहावे व पडद्याचे स्पष्ट छायाचित्र जोडावे. बिलाचे छायाचित्र टाकताना आपला १२ अंकी ग्राहक क्रमांक, पत्ता आणि मोबाइल क्रमांक झाकावा. अनुदान मिळवून देतो असे सांगून कोणी ओटीपी किंवा पैसे मागितले, तर ते देऊ नयेत आणि समूहात लगेच कळवावे.

एका बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देणार नाही. इन्व्हर्टर बंद केला, तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारांमध्ये घातक विद्युतदाब असतो. त्यामुळे जोडणी उघडा, तार काढून पाहा, असा सल्ला येथे कोणीही देऊ नये, तो स्वतः वायरमन असला तरीही. असा संदेश दिसताच आम्ही तो काढू आणि संबंधित ग्राहकाला स्वतः फोन करू. जळका वास, धूर किंवा ठिणगी दिसल्यास येथे लिहिण्यात वेळ न घालवता यंत्रणेपासून दूर व्हावे आणि वॉरंटी कार्डावरील क्रमांकावर फोन करावा.

आपल्यापैकी अनेकांचे स्वतःचे व्यवसाय आहेत आणि शेजारधर्माने एकमेकांना काम मिळाले, तर आम्हाला आनंदच आहे. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक सदस्याला आपल्या व्यवसायाचा एक संदेश टाकता येईल. इतर दिवशी जाहिरात, दुकानाची लिंक किंवा गुंतवणूक योजना टाकू नये. कोणी पॅनेल धुणाऱ्याची किंवा गळती काढणाऱ्याची माहिती विचारली, तर ती कोणत्याही दिवशी अवश्य द्यावी, पण तो व्यवसाय आपला किंवा नातेवाइकाचा असल्यास तसे स्पष्ट लिहावे. येथून क्रमांक उचलून सदस्यांना परस्पर विक्रीचे संदेश पाठवणे हा विश्वासघात आहे, त्यामुळे असे करणाऱ्याला पूर्वसूचना न देता काढले जाईल. हाच नियम आम्हालाही लागू आहे: आमची नवी योजना किंवा सवलत आम्ही त्याच रविवारी, एकाच संदेशात कळवू.

इतर नियम मोडल्यास प्रथम खाजगी संदेशाने समज दिली जाईल, पुन्हा तसे घडल्यास सदस्यत्व ३० दिवस स्थगित राहील. स्थगितीचा सेवेवर किंवा वॉरंटीवर काहीही परिणाम होणार नाही. निर्णय अन्यायाचा वाटल्यास कार्यालयात सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत भेटावे. त्यावर ज्याने कारवाई केली, त्याच्याऐवजी दुसरी व्यक्ती विचार करेल.