फेब्रुवारीच्या बिलावर टॅक्स १० टक्केच कापावा, रेसिडेन्सी सर्टिफिकेट जोडलंय

नमस्कार दादा,

सर्व्हर मायग्रेशनचं ३,००,००० येनचं बिल काल पाठवलंय, ते मिळालं असेलच. पेमेंट सोडायच्या आधी एक काम होतं. तुमच्या अकाउंट्सवाल्या मॅडम म्हणाल्या की परदेशातल्या माणसाला फी देताना २०.४२ टक्के कापावेच लागतात, ते जपानच्या कायद्याप्रमाणे बरोबरच आहे, पण भारत-जपान कराराच्या कलम १२ मध्ये टेक्निकल फीवर जास्तीत जास्त १० टक्केच आहेत आणि तो २.१ टक्क्यांचा सरचार्ज पण त्यावर लागत नाही. म्हणजे ६१,२६० च्या जागी ३०,००० येन कापले जातील.

मी भारताची रहिवासी आहे याचं इन्कम टॅक्सचं सर्टिफिकेट, १०एफबी, २०२५-२६ चं, सोबत जोडलंय, आणि कराराचा तो जपानी फॉर्म, नंबर ३, सही करून दोन प्रती कुरिअर केल्यात. फॉर्म तुमच्या कंपनीमार्फतच तुमच्या टॅक्स ऑफिसला जातो आणि पेमेंटच्या आदल्या दिवसापर्यंत तिथे पोचायला हवा, म्हणून प्लीज तो जमा झाल्यावरच पैसे सोडा, चार दिवस उशीर झाला तरी चालेल मला. कारण जास्तीचे कापले गेले तर इथे त्याचं क्रेडिट मिळत नाही, करारातल्या रेटपुरतंच मिळतं, आणि मग तिकडून रिफंड मागत बसायचं, ते डोक्याला ताप.

कापलेल्या टॅक्सची पावती तेवढी मेल करा, रिटर्नला लागते. मॅडमना काही विचारायचं असेल तर माझ्या सीएंशी थेट बोलणं करून देते.

केतकी, पुणे